फील्ड पाहून बिघाडाची जागा सांगायची: डोळ्याच्या पडद्यापासून मेंदूच्या मागच्या टोकापर्यंत

सातारा-सांगलीकडच्या चष्म्याच्या दुकानांत आणि डोळ्यांच्या ओपीडीत एक तक्रार वरचेवर ऐकू येते: "डाव्या डोळ्यानं कमी दिसायला लागलंय." तपासावं तर दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ वाचता येते. मग नंबर थोडा बदलून चष्मा दिला जातो आणि माणूस महिनाभरात परत येतो. काही वेळा त्याचा डावा डोळा नाही, तर दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेलेली असते. अक्षरांचा तक्ता मध्यबिंदूची नजर मोजतो, बाजूची मोजत नाही. त्यामुळे तक्ता तोंडपाठ म्हणणाऱ्याचं अर्धं जग गायब असू शकतं.

हा लेख ऑप्टोमेट्रीच्या आणि एमबीबीएसच्या मुलांसाठी आहे. पाठांतराचा तक्ता इथे मिळणार नाही. एक कागद घ्या, डोळ्यापासून मेंदूपर्यंतची तंतूंची वाट स्वतः काढा, आणि प्रत्येक ठिकाणी कात्री लावली तर काय जाईल ते स्वतःच सांगा. एकदा हाताला बसलं की उलट्या दिशेनंही जाता येतं. रोजच्या कामात तेच लागतं: फील्ड, म्हणजे प्रत्येक डोळ्याला कुठे दिसतं आणि कुठे नाही याचा नकाशा, समोर असतं आणि बिघाडाची जागा शोधायची असते.

कागदावरची तयारी

दोन वर्तुळं शेजारी शेजारी काढा. डावं वर्तुळ डाव्या डोळ्याचं, उजवं उजव्याचं, आणि ती पेशंटला दिसतात तशी, समोर बसलेल्या तुम्हाला दिसतात तशी नव्हेत. फील्ड मोजणाऱ्या यंत्राचे छापील कागदही याच क्रमाने शेजारी ठेवावेत. कागद उलटसुलट झाला तर सगळा तर्क विरुद्ध बाजूला जातो. खात्रीची खूण म्हणजे आंधळा ठिपका. तो मध्यापासून सुमारे १५ अंशांवर, कानाच्या बाजूला असतो. म्हणून डाव्या डोळ्याच्या कागदावर तो डावीकडे आणि उजव्याच्या कागदावर उजवीकडे दिसला पाहिजे.

आता प्रत्येक वर्तुळाच्या मध्यातून एक उभी आणि एक आडवी रेघ मारा. पुढचं सगळं या दोन रेघांवर चालतं.

पडद्यावर चित्र उलटं पडतं हे शाळेत शिकलेलं असतं, पण वापरताना विसरतं. नाकाकडचा पडदा कानाकडचं जग पाहतो, वरचा पडदा खालचं जग पाहतो. म्हणून पडद्याच्या वरच्या भागाची धमनी बंद झाली तर खालचं दिसत नाही. पुढच्या प्रत्येक पायरीवर आधी "कुठले तंतू" ते ठरवा, मग उलटा करून "कुठलं जग" ते लिहा. दोन्ही एकदम करू नका, तिथेच गोंधळ होतो.

कायाझ्माच्या आधी: आडवी रेघ

पडद्यावरचे तंतू ऑप्टिक डिस्ककडे सरळ जात नाहीत. कानाकडच्या बाजूचे तंतू मध्यबिंदूला वळसा घालून, कमानीसारखे वरून किंवा खालून डिस्कपर्यंत पोचतात. वरचे तंतू वरच राहतात, खालचे खालीच, आणि दोघांची हद्द म्हणजे ती आडवी रेघ. म्हणून काचबिंदूत कमानीच्या आकाराचा डाग येतो आणि नाकाकडच्या बाजूला तो आडव्या रेघेवर पायरीसारखा थांबतो. डिस्कचा रक्तपुरवठा अचानक तुटला तर वरचा किंवा बहुधा खालचा अर्धा भाग जातो, कडा तीच आडवी.

मध्यबिंदूकडून येणाऱ्या तंतूंचा गठ्ठा वेगळाच. तो सरळ डिस्कमध्ये शिरतो आणि विषारी किंवा पोषणाच्या कमतरतेचा मार त्यालाच आधी बसतो. टीबीच्या उपचारातल्या एथॅम्ब्युटॉलमुळे दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग येतो आणि लाल-हिरवा रंग फिका पडतो, तो याच गठ्ठ्यामुळे. असा पेशंट तक्त्यावर मात्र पकडला जातो, कारण गेलेली नजर मधलीच असते.

ऑप्टिक नर्व्हबद्दल इथे एवढंच: बिघाड एका नर्व्हचा असेल तर फील्ड एकाच डोळ्याचं जातं, आणि बाहुली ते सांगते. टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर झुलवा. आजारी डोळ्यावर प्रकाश येताच दोन्ही बाहुल्या आकसण्याऐवजी मोठ्या होतात. यालाच आरएपीडी म्हणतात. ही तपासणी थेंब टाकण्याआधीच करायची. ओपीडीच्या घाईत बाहुली मोठी करायचे थेंब आधी पडतात आणि हा पुरावा त्या दिवसापुरता हातचा जातो.

कायाझ्मा: उभ्या रेघेची सुरुवात

इथे दोन्ही नर्व्ह भेटतात आणि तंतूंची वाटणी होते. कऱ्हाडच्या स्टँडवर साताऱ्याची आणि सांगलीची अशा दोन एसट्या एकाच दिशेला तोंड करून शेजारी उभ्या आहेत असं धरा. दोन्ही गाड्यांतले उजव्या बाकांवरचे प्रवासी उजव्या गाडीत बसतात, डाव्या बाकांवरचे डाव्या गाडीत. म्हणजे प्रत्येक गाडीतले साधारण निम्मेच लोक गाडी बदलतात. डोळ्यांतही तसंच. दोन्ही पडद्यांचे उजवे अर्धे उजव्या मेंदूकडे, डावे अर्धे डाव्याकडे. नाकाकडचे तंतू बाजू बदलतात, कानाकडचे बदलत नाहीत. बाजू बदलणारे थोडे जास्त, सुमारे ५३ टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे ट्रॅक्टवर तो कामाला येतो.

कायाझ्माच्या मधोमध कात्री लावा. तुटतात ते फक्त बाजू बदलणारे, म्हणजे नाकाकडच्या पडद्याचे तंतू. गेलं काय? दोन्ही डोळ्यांचं कानाकडचं जग: डाव्या वर्तुळाचा डावा अर्धा, उजव्या वर्तुळाचा उजवा अर्धा. हा बायटेंपोरल हेमिअनोपिया.

कायाझ्मा पिट्युटरीच्या खाचेच्या वर सुमारे १० मिलिमीटरवर असतो. म्हणून पिट्युटरीची लहान गाठ कितीही हॉर्मोन सोडो, फील्डला धक्का लावत नाही. ती बरीच वर चढावी लागते. ती खालून दाबते तेव्हा कायाझ्मातले खालचे तंतू आधी दबतात आणि दोन्हीकडचे वरचे, कानाकडचे चतुर्थांश आधी जातात. क्रेनिओफॅरिंजिओमा बहुधा वरून, मागून दाबतो, म्हणून तिथे सुरुवात खालच्या चतुर्थांशांपासून होते. फील्ड पूर्ण जाण्याआधी पेशंट आला तरच हा फरक उपयोगी पडतो.

गंमत अशी की यातल्या अनेकांना बाजूचं दिसत नाही हे कळतच नाही. दोन्ही डोळे उघडे असताना एकाचं नाकाकडचं जग दुसऱ्याची गेलेली बाजू बरीचशी भरून काढतं. तक्रार येते ती वेगळीच: सुईत दोरा ओवता येत नाही, नखं काढताना चुकतं. कारण नजर रोखलेल्या बिंदूच्या पलीकडची वस्तू दोन्ही डोळ्यांच्या नाकाकडच्या पडद्यावर पडते आणि ते तंतू तर तुटलेले. म्हणून बिंदूच्या मागे एक आंधळा त्रिकोण तयार होतो. शिवणकाम करणाऱ्या बाईने हे सांगितलं तर जवळचा चष्मा बदलण्याआधी फील्ड पाहा.

एक सावधगिरी. कानाकडच्या बाजूला डाग आहे म्हणून तो कायाझ्माचाच असं नाही. जन्मजात तिरक्या डिस्कमुळेही वरच्या, कानाकडच्या भागात कमी दिसतं, पण तो डाग उभ्या रेघेवर थांबत नाही, ती ओलांडून पुढे जातो. कायाझ्माचा डाग रेघेवर कापल्यासारखा असतो.

नर्व्ह जिथे कायाझ्मात शिरते त्या सांध्यावरची गाठ सर्वांत फसवी. त्या बाजूच्या डोळ्यात मधोमध डाग पडतो आणि पेशंट त्याच डोळ्याची तक्रार घेऊन येतो. दुसरा डोळा ६/६ म्हणून सोडून दिला जातो. पण त्या "चांगल्या" डोळ्याचा वरचा, कानाकडचा चतुर्थांश गेलेला असतो. एका डोळ्याची नजर कारणाशिवाय कमी झाली असेल तर दुसऱ्याचं फील्ड करायचंच. या चिन्हाचं जुनं स्पष्टीकरण म्हणजे दुसऱ्या बाजूचे तंतू आधी नर्व्हमध्ये वळसा घालून येतात हे. १९९७ मध्ये हॉर्टन यांनी दाखवलं की तो वळसा डोळा काढल्यानंतर नर्व्ह आक्रसल्यामुळे दिसतो. स्पष्टीकरणावर वाद असला तरी चिन्ह खरंच आहे.

कायाझ्माच्या मागे: दोन्ही डोळ्यांची एकच बाजू

इथून पुढे कुठेही कात्री लावा, जाणार ती दोन्ही डोळ्यांची विरुद्ध बाजू. उजवीकडे तुटलं तर दोन्ही वर्तुळांचा डावा भाग. यालाच होमोनिमस हेमिअनोपिया म्हणतात. सगळा अर्धा भाग गेला असेल तर नुसतं फील्ड पाहून ट्रॅक्ट, रेडिएशन की मागचं टोक हे सांगता येत नाही. कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याने एमआरआय आधीच पाहिला आहे. अर्धवट डाग असेल तरच फील्ड बोलकं होतं.

कायाझ्माच्या लगेच मागे असलेल्या ट्रॅक्टमध्ये दोन्ही डोळ्यांचे जोडीचे तंतू अजून शेजारी आलेले नसतात. त्यामुळे दोन वर्तुळांतले डाग जुळत नाहीत, एकात मोठा, दुसऱ्यात लहान. जसजसे मागे जाल तसतशी जुळणी वाढते आणि मागच्या टोकाशी दोन डाग एकमेकांवर ठेवले तर बसतात. हा नियम उपयोगी आहे, पण तोडीस तोड अपवाद भेटतात, म्हणून त्याला बाहुलीची जोड द्या.

बाहुलीचे तंतू ट्रॅक्टमधून जातात, पण लॅटरल जेनिक्युलेट येण्याआधी वेगळे होऊन मध्यमेंदूकडे वळतात. ट्रॅक्ट तुटला तर बाहुलीवर परिणाम, त्याच्या मागे तुटला तर नाही. मघाचा ५३ टक्क्यांचा आकडा इथे हवा. उजव्या ट्रॅक्टमध्ये डाव्या डोळ्यातून आलेले तंतू थोडे जास्त असतात, म्हणून उजवा ट्रॅक्ट गेला तर हलका आरएपीडी डाव्या डोळ्यात मिळतो. नजर दोन्हीकडे ६/६, तरी आरएपीडी: ही जोडी दिसली की ट्रॅक्टचा विचार करा.

जेनिक्युलेटचे बिघाड क्वचित भेटतात. त्याला दोन वेगवेगळ्या धमन्यांचं रक्त मिळतं, म्हणून कधी आडव्या रेघेवर बसलेली पाचर जाते, तर कधी नेमकी ती पाचर उरून वरचा-खालचा भाग जातो. एवढं पुरे.

त्यानंतर तंतू पंख्यासारखे पसरतात, हेच रेडिएशन. खालचे तंतू, म्हणजे वरचं जग पाहणारे, सरळ मागे न जाता आधी पुढे टेंपोरल लोबमध्ये शिरतात आणि वळसा घालून मागे येतात. हा मेयरचा लूप. मिरगीच्या शस्त्रक्रियेत टेंपोरल लोबचं पुढचं टोक काढलं तर विरुद्ध बाजूचा वरचा चतुर्थांश जाऊ शकतो तो यामुळे. वरचे तंतू परायटल लोबमधून जातात, तिथे बिघाड झाला तर विरुद्ध बाजूचा खालचा चतुर्थांश. परायटलची आणखी एक खूण शिंप्याच्या टेपने दिसते. टेप डोळ्यांसमोरून बिघाडाच्या बाजूकडे सरकवली की डोळ्यांची होणारी लयबद्ध हालचाल मंदावते, उलट दिशेला सरकवली की नीट होते.

शेवटी ऑक्सिपिटल लोब. कॅल्करिन खाचेच्या वरचा काठ खालचं जग पाहतो, खालचा काठ वरचं. मागचं टोक मध्यबिंदू पाहतं, आणि खाचेत जितकं पुढे जावं तितकं कडेचं जग. हा नकाशा युद्धातल्या जखमांवरून समजला: रशिया-जपान युद्धातल्या सैनिकांवर तात्सुजी इनोऊये यांनी आणि पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स यांनी गोळीची वाट आणि गेलेलं फील्ड यांची सांगड घातली. मधल्या १० अंशांसाठी या भागाचा निम्म्याहून अधिक पृष्ठभाग खर्च होतो. मागच्या टोकाला बहुधा मेंदूच्या मधल्या धमनीचंही रक्त मिळतं, म्हणून मेंदूची मागची धमनी बंद झाली तरी मध्यबिंदूभोवतीचे काही अंश वाचतात. याला मॅक्युलर स्पेअरिंग म्हणतात. आणि खाचेचं अगदी पुढचं टोक एकाच डोळ्याचं, कानाकडचं सुमारे ६० अंशांपलीकडचं जग पाहतं. तिथला बिघाड एका डोळ्याचा वाटतो. नेहमीचा २४-२ प्रोग्रॅम मध्यापासून २४ अंशांपर्यंतच बघतो, म्हणून ती चंद्रकोर त्यात येतच नाही. ती हाताने शोधावी लागते.

हाताने फील्ड कसं करायचं

पेशंटसमोर हातभर अंतरावर, डोळ्याच्या समान उंचीवर बसा. त्याचा एक डोळा झाका, समोरचा आपला एक डोळा बंद करा, त्याला आपल्या उघड्या डोळ्याकडे बघायला सांगा. दोघांच्या मधोमध, चारही चतुर्थांशांत बोटं दाखवा: एक, दोन किंवा पाच. तीन-चार दाखवू नका, चांगल्या डोळ्यालाही ते कडेने ओळखता येत नाहीत. बोटं हलवूही नका, हालचाल अर्धवट मेलेल्या भागालाही जाणवते.

मग दोन्ही बाजूंना एकदम बोटं दाखवा. एकेकटं दिसतं पण एकदम दाखवल्यावर डावीकडचं सांगितलं जात नाही, तर तो दुर्लक्षाचा प्रकार, परायटलकडे लक्ष द्या.

शेवटी लाल झाकण. बाहुली मोठी करायच्या थेंबांच्या बाटलीचं झाकण लालच असतं, तेच वापरा. उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना, मध्यापासून सारख्या अंतरावर धरून विचारा: "कुठलं जास्त लाल?" बोटांची मोजणी बरोबर येते तरी लाल रंग एका बाजूला विटकरी दिसतो, असं पिट्युटरीच्या सुरुवातीच्या दाबात होतं. तरीही हाताची तपासणी लहान डाग सोडते. संशय असेल तर ती नीट आली म्हणून थांबायचं नाही, यंत्रावर फील्ड करायचं.

एक केस, शेवटपर्यंत

रचलेली केस आहे, पण अशी माणसं या भागात भेटतात. वाळवा तालुक्यातला ५७ वर्षांचा ट्रॅक्टरचालक, गळिताच्या हंगामात ऊस वाहतो. दहा दिवसांपूर्वी सकाळी उठल्यावर डोकं मागून दुखलं. त्यानंतर गोठ्याच्या दाराची चौकट कपाळाला लागते आणि रस्त्यावर डावीकडून खाली आलेली फांदी अगदी जवळ आल्यावरच दिसते. तो म्हणतो, "डावा डोळा अधू झालाय."

आधी दुरुस्ती: डोळा नाही, बाजू. उजवा डोळा झाकून विचारलं, "आता कसं दिसतं?" नंतर डावा झाकून पुन्हा. उजव्या डोळ्यानेही डावीकडचं वरचं दिसत नाही असं तो स्वतःच म्हणतो, तेव्हा त्यालाच आश्चर्य वाटतं. दोन्ही डोळे गुंतले, म्हणजे एका नर्व्हचा बिघाड नाही. दोन्हींत डावी बाजू, म्हणून कायाझ्माच्या मागे आणि उजवीकडे.

नजर दोन्हीकडे ६/६. थेंब टाकण्याआधी टॉर्च झुलवला, आरएपीडी नाही. ट्रॅक्ट मागे पडला. बोटांनी आणि मग २४-२ वर दोन्ही वर्तुळांत डावा वरचा चतुर्थांश. कडा उभ्या रेघेवर धारदार, आडव्या रेघेवरही धारदार, मध्यबिंदूभोवतीचे काही अंश वाचलेले. आडवी रेघ दिसली म्हणून पडद्याकडे परत जायचं का? नाही, कारण सोबत उभी रेघ आहे आणि दोन्ही डोळे आहेत.

उरले दोन उमेदवार: मेयरचा लूप आणि कॅल्करिन खाचेचा खालचा काठ. लूपच्या बिघाडात दोन वर्तुळांतले डाग पुरते जुळत नाहीत आणि खालची कडा बहुधा तिरकी असते. सोबत झटके, नसलेला वास येणं असं काही आहे का विचारावं. इथे ते काही नाही. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकमेकांवर धरले तर डाग एकसारखे आणि मध्य वाचलेला. म्हणून अंदाज: उजवा ऑक्सिपिटल लोब, खाचेच्या खालचा काठ, उजव्या मागच्या धमनीची शाखा. हा भाग रंग आणि चेहरे ओळखणाऱ्या भागाला लागून असल्याने तेही तपासायचं. तो सांगतो की ओळखीची माणसं आवाजावरून कळतात, चेहऱ्यावरून पटकन नाही. अंदाजाला बळकटी मिळाली.

मग मनगटावर बोट ठेवायचं. इथे नाडी अनियमित लागली, म्हणजे हृदयातून गुठळी सुटून त्या धमनीत गेली असण्याची शक्यता मोठी, आणि दुसरी सुटण्याआधी उपचार हवा. म्हणून चष्मा नाही, त्याच दिवशी ईसीजी, साखर, रक्तदाब आणि मेंदूचा एमआरआय. हाच माणूस लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत आला असता तर गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनचा विचार झाला असता. अशा वेळी यंत्रावर फील्ड करत बसायचं नसतं, बोटांची तपासणी करून थेट न्यूरोलॉजी असलेल्या रुग्णालयात पाठवायचं.

ट्रॅक्टर बंद, हे त्याला आणि घरच्यांना समोर बसवून सांगा. हंगाम चालू असताना ते पटत नाही, म्हणून त्याच्या मुलाला फील्डचा कागद दाखवा आणि काळा भाग रस्त्यावर कुठे येतो ते बोट ठेवून समजवा. जी काही सुधारणा आपोआप व्हायची ती मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत होते, म्हणून तेव्हा फील्ड पुन्हा करा.

चिठ्ठीवर "डाव्या डोळ्याने कमी दिसते" असं लिहू नका. असं लिहा: "दोन्ही डोळ्यांत डावा वरचा चतुर्थांश गेलेला, डाग जुळणारे, मध्य वाचलेला, बाहुल्या सामान्य, नजर ६/६, उजव्या ऑक्सिपिटल लोबच्या खालच्या काठाचा संशय, सुरुवात दहा दिवसांपूर्वी, नाडी अनियमित." रेडिओलॉजिस्टला कुठे बघायचं ते आधीच कळतं.